परिशिष्टात सापडलेली मुले

जुलै 2001 मध्ये अमेरिकेतल्या बालमानसोपचाराच्या एका नावाजलेल्या नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. नैराश्याने ग्रासलेल्या 275 किशोरवयीन मुलांपैकी काहींना पॅरॉक्सेटिन, काहींना इमिप्रामिन हे जुने औषध आणि काहींना औषध नसलेली गोळी आठ आठवडे दिली होती. पॅरॉक्सेटिन परिणामकारक आहे आणि मुलांना ते एकंदरीत चांगले सोसते, असा निष्कर्ष लेखकांनी काढला. ‘स्टडी 329’ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीचा खर्च औषध बनवणाऱ्या स्मिथक्लाइन बीचम कंपनीने, म्हणजे पुढच्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने केला होता.

छापील निबंध थोड्या पानांचा असतो. अशा चाचणीचा मूळ अहवाल मात्र हजारो पानांचा असतो, आणि त्यातला जड भाग परिशिष्टांत जातो. सुरुवातीला ठरवलेला चाचणीचा आराखडा, प्रत्येक रुग्णाची तक्तेवार माहिती आणि डॉक्टरांनी तपासणीच्या वेळी हाताने भरलेले नोंदपत्रक, हे सगळे तिथे असते. न्यूयॉर्क राज्याने भरलेल्या खटल्यातील 2004 च्या तडजोडीनंतर कंपनीने चाचण्यांचे अहवाल संकेतस्थळावर ठेवले. 329 ची बरीचशी परिशिष्टे मात्र पाठपुरावा झाल्यावर, 2012 मध्ये बाहेर आली. मग ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ जॉन ज्युरिडिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळे पुन्हा तपासले. त्यांचा निबंध सप्टेंबर 2015 मध्ये ‘बीएमजे’त आला.

पहिली गाठ सुटली ती आराखड्यातून. औषध उपयोगी ठरले की नाही हे कशावरून ठरवायचे, याच्या दोन मुख्य कसोट्या त्यात आधीच लिहिलेल्या होत्या: नैराश्याच्या मापनपट्टीवरचे गुण किती उतरले आणि किती मुलांना ठरावीक प्रमाणात आराम पडला. या दोन्हींत पॅरॉक्सेटिन आणि निव्वळ गोळी यांच्यात लक्षणीय फरक निघाला नव्हता. निबंधात ज्या चार मोजमापांवर औषध सरस दाखवले होते, ती मूळ आराखड्यात नव्हतीच. निबंध कितीही लक्ष देऊन वाचला तरी हे कळत नाही, कारण त्यातला प्रत्येक आकडा आपापल्या जागी ठीकच दिसतो. आराखडा शेजारी ठेवून कसोट्या एकेक जुळवल्या, तरच कसोटी बदलल्याचे उघड होते.

दुष्परिणामांचा भाग अधिक गंभीर. निबंधाच्या मजकुरात ‘भावनिक अस्थिरता’ असा एक वर्ग होता. आत्महत्येचे विचार आणि प्रयत्नही याच वर्गात गेले होते, कारण कंपनी वापरत असलेल्या दुष्परिणामांच्या सांकेतिक यादीत त्यांना तेच नाव होते. डोकेदुखी आणि चक्कर ‘मज्जासंस्था’ या मोठ्या गटात मानसिक त्रासांबरोबर घातल्यामुळे मानसिक त्रासांचे प्रमाण त्या गर्दीत झाकले जात होते. दोन्ही वेगळे काढताच चित्र बदलले. आत्महत्येशी किंवा स्वतःला इजा करून घेण्याशी संबंधित वर्तन पॅरॉक्सेटिन घेणाऱ्या गटात निबंधाच्या हिशेबाने 5 मुलांत होते. कंपनीच्या सविस्तर अहवालात हा आकडा 7 होता. फेरतपासणीत तो 11 निघाला.

वाढ कुठून आली? एका परिशिष्टात दुष्परिणामांची यादी होती, तर दुसऱ्यात, परिशिष्ट ‘एच’मध्ये, मूळ नोंदपत्रके. दोन्ही समोरासमोर ठेवल्यावर काही नोंदी यादीत उतरलेल्याच नाहीत, हे दिसले. इथे कोणाच्या हेतूबद्दल तर्क करण्याची गरज नाही. नक्कल करताना गळलेली ओळ मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय सापडत नाही, एवढे खरे.

आज अनेक नियतकालिके निबंधासोबत पुरवणी फाइल आणि काही मूळ आराखडाही जोडतात. एखाद्या औषधाच्या बातमीमागचा निबंध पाहणाऱ्या वाचकाने आधी आराखड्यातली मुख्य कसोटी शोधावी आणि सारांशात तीच आहे का ते पाहावे. मग दुष्परिणामांच्या तक्त्यात मोघम नावाचे खण कोणते आहेत आणि प्रत्येकात काय काय कोंबले आहे, याची यादी पुरवणीत आहे का ते बघावे. मधेच चाचणी सोडून गेलेल्यांची संख्या आणि कारणेही तिथेच सापडतात. 329 मध्येही तपासकांनी नोंदपत्रके उघडायला सुरुवात केली ती मुख्यतः अशा सोडून गेलेल्या मुलांपासूनच.

अर्थात परिशिष्ट म्हणजे अंतिम सत्य नव्हे. पुरवणीकडे परीक्षकांचे लक्ष मुख्य मजकुराइतके जातेच असे नाही. परिशिष्ट ‘एच’ सुमारे 77,000 पानांचे होते आणि कंपनीने ते फक्त दूरस्थ पडद्यावर, मर्यादित सोयींसह पाहू दिले. त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश मुलांच्या नोंदपत्रकांना सुमारे हजार तास लागले. बाकीच्या दोन तृतीयांशांची पत्रके तपासलीच गेली नाहीत, त्यामुळे 11 हाही पूर्ण आकडा असेलच असे म्हणता येत नाही.