ग्लायकोलिक सोसत नाही, मग पपई चालेल?

ग्लायकोलिक आम्लाचं सिरम लावलं की ज्यांचा चेहरा लालबुंद होऊन चुरचुरतो, त्यांना कुणी ना कुणी हमखास सल्ला देतं: ‘मग एन्झाइमवालं घ्या, फळांचं असतं, सौम्य असतं.’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. माझं मत विचाराल तर अशा त्वचेनं आधी पीएचए, म्हणजे पॉलिहायड्रॉक्सी आम्लांकडे वळावं. पपई-अननसाचा नंबर त्यानंतर.

त्वचेच्या अगदी वरच्या थरातल्या मृत पेशी प्रथिनांच्या दुव्यांनी एकमेकींना धरून असतात. त्वचेतली स्वतःची एन्झाइम्स हे दुवे हळूहळू तोडतात आणि पेशी आपोआप गळून पडतात. हे काम रेंगाळलं की चेहरा निस्तेज आणि खरखरीत होतो. बाहेरून लावलेलं आम्ल किंवा एन्झाइम त्याला वेग देतं.

१९७४ साली यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या अमेरिकेतल्या संशोधकांनी इक्थिओसिस या खवल्यांच्या त्वचाविकारावर अल्फा हायड्रॉक्सी आम्लांचा परिणाम दाखवून दिला. पुढे पीएचए आणण्यातही याच जोडीचा हात होता. ग्लुकोनोलॅक्टोन आणि लॅक्टोबायोनिक आम्ल ही त्यातली दोन मुख्य नावं. ग्लायकोलिकच्या रेणूचं वजन ७६, ग्लुकोनोलॅक्टोनचं १७८ आणि लॅक्टोबायोनिकचं ३५८. ग्लुकोनोलॅक्टोन पाण्यात हळूहळू ग्लुकोनिक आम्लात बदलतं, आणि त्याची आम्लता ग्लायकोलिकच्या जवळपासच असते. म्हणजे पीएचए सौम्य आहे ते कमी आंबट असल्यामुळे नव्हे. मोठा रेणू त्वचेत सावकाश आणि कमी खोल शिरतो, म्हणून आग कमी होते. शिवाय हे रेणू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे सोलवटताना त्वचा तितकी कोरडी पडत नाही. या सावकाशीची किंमतही मोजावी लागते. डाग आणि बारीक सुरकुत्यांवर फरक दिसायला दोन-तीन महिने सहज जातात, आणि खोल खड्डे याने भरत नाहीत.

आता एन्झाइम. मटण लवकर शिजावं म्हणून आपण त्याला कच्ची पपई चोळतो. तिच्या चिकातलं पपेन मांसातली प्रथिनं तोडतं, आणि तेच पपेन चेहऱ्यावरच्या दुव्यांवरही चालतं. (पिकलेल्या पपईत ते जवळपास उरतच नाही, त्यामुळे फोडी चेहऱ्यावर चोळून फारसं हाती लागत नाही. कच्चीचा चीक मात्र थेट लावू नये, त्यात पपेन किती हे कुणालाच ठाऊक नसतं.) पपेनचा रेणू ग्लायकोलिकच्या तीनशे पट मोठा, त्यामुळे धडधाकट त्वचेत तो वरच्या वर राहतो. मात्र आधीच तडे गेलेल्या त्वचेत हा भरवसा उरत नाही. पपेनची ॲलर्जीही होते. जखमा साफ करायच्या पपेनच्या मलमांमुळे गंभीर ॲलर्जीच्या तक्रारी आल्यावर २००८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं परवानगी नसलेल्या अशा मलमांवर कारवाई केली होती. ज्यांना रबरी हातमोज्यांनी खाज येते, त्यांनी पपेनपासून लांबच राहावं.

एन्झाइम पाण्यात फार काळ टिकत नाही, म्हणून चांगली उत्पादनं बहुधा भुकटीच्या रूपात येतात. तळहातावर पाण्यात कालवायची, मिनिटभर हलकेच फिरवायची आणि धुऊन टाकायची.

समजा एकीनं सात टक्के ग्लायकोलिकचं टोनर रोज वापरलं आणि आता तिला नुसत्या पाण्यानंही चुरचुरतं. गाल ताणलेले, चकचकीत दिसतात, नेहमीचं मॉइश्चरायझरही झोंबतं. ही संरक्षक थर उखडल्याची खूण आहे, आणि या अवस्थेत पीएचएसुद्धा नको. तीन-चार आठवडे सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढंच. मॉइश्चरायझर झोंबायचं थांबलं की ग्लुकोनोलॅक्टोनचं उत्पादन कानामागे चार-पाच रात्री लावून बघायचं. काही झालं नाही तर आठवड्यातून दोनदा, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर. पहिल्या महिन्यात त्याच रात्री रेटिनॉल लावायचं नाही. किंचित मुंग्या येऊन मिनिटभरात थांबल्या तर हरकत नाही. दुसऱ्या दिवशी लाली उरली तर मात्र आठवडाभर थांबायचं. आपल्या सावळ्या त्वचेवर अशी लाली जाताना काळे डाग ठेवून जाते. ज्या डागांसाठी हा खटाटोप केला, त्यात भरच पडते.

बाटली घेताना घटकांची यादी वाचा. ग्लुकोनोलॅक्टोन शेवटाकडे, सोडियम बेंझोएटच्या शेजारी असेल, तर ते बहुधा उत्पादन टिकवण्यापुरतं घातलेलं असतं. त्वचेसाठी घातलेलं असेल तर त्याचं नाव यादीत बरंच वर असतं, आणि प्रामाणिक कंपनी टक्केवारीही छापते.