नळीतील संक्रमण प्रवाह आणि उष्णता स्थानांतरण : योग्य सूत्राची निवड

प्रस्तावना

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत नळीतून वाहणाऱ्या पाण्याचा उष्णता स्थानांतरण गुणांक मोजण्याचा प्रयोग नेहमी केला जातो. प्रवाह मंद ठेवला की मोजलेले मूल्य सूत्राने काढलेल्या मूल्यापेक्षा बरेच कमी येते आणि विद्यार्थी वहीत 'प्रायोगिक त्रुटी' असे कारण नोंदवून मोकळे होतात. पुष्कळदा त्रुटी प्रयोगात नसून सूत्राच्या निवडीत असते. स्तरीय आणि संक्षोभी या दोन प्रवाहांच्या मधल्या पट्ट्यात कोणते सूत्र वापरावे, आणि चुकीचे सूत्र वापरल्यास किती फरक पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संक्रमण पट्ट्याचे स्वरूप

ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवून दिले की, प्रवाह वाढवत नेल्यास सरळ वाहणारी धार एका मर्यादेनंतर विस्कटते. ही मर्यादा सामान्यतः रेनॉल्ड्स अंक २,३०० च्या आसपास मानली जाते. मात्र या अंकाला प्रवाह एकदम संक्षोभी होत नाही. संक्षोभाचे तुटक पुंजके नळीतून वाहू लागतात आणि दोन पुंजक्यांमध्ये प्रवाह स्तरीयच राहतो. रेनॉल्ड्स अंक वाढेल तसा संक्षोभी काळाचा वाटा वाढत जातो. त्यामुळे या पट्ट्यातील उष्णता स्थानांतरण हे दोन अवस्थांचे मिश्रण असते, आणि केवळ एका अवस्थेसाठी रचलेले सूत्र तेथे लागू पडत नाही.

उपलब्ध सूत्रे व त्यांच्या मर्यादा

डिटस व बोल्टर यांचे १९३० मधील कार्य मोटारगाडीच्या रेडिएटरसंबंधी होते. त्यांच्या नावाने प्रचलित असलेले सूत्र असे आहे :

Nu = 0.023 Re^0.8 Pr^0.4 (द्रव तापत असताना)

हे सूत्र सुटसुटीत आहे. परंतु रेनॉल्ड्स अंक सुमारे १०,००० हून अधिक असतानाच ते विश्वासार्ह ठरते. त्याखाली आल्यावर सूत्र थांबत नाही, ते उत्तर देतच राहते. धोका नेमका येथेच आहे.

कार्ल्सरूए येथील ग्निलिन्स्की यांनी १९७६ मध्ये पुढील सूत्र मांडले. त्यातील घर्षण गुणांक f गुळगुळीत नळीसाठी आहे.

Nu = (f/8)(Re − 1000)Pr / [1 + 12.7 (f/8)^0.5 (Pr^(2/3) − 1)]
f = (0.79 ln Re − 1.64)^(−2)

यातील १,००० ची वजाबाकी महत्त्वाची आहे. रेनॉल्ड्स अंक मोठा असताना तिचा परिणाम नगण्य राहतो. तो लहान होताच नुसेल्ट अंक झपाट्याने खाली येतो. पाठ्यपुस्तके हे सूत्र साधारणतः रेनॉल्ड्स अंक ३,००० पासून पुढे ग्राह्य मानतात. तथापि ३,००० ते ४,००० या भागात प्रवाह अद्याप तुटक असू शकतो. म्हणून ग्निलिन्स्की यांनी पुढे स्तरीय आणि संक्षोभी टोकांमध्ये सरळ रेषेने अंतर्वेशन करण्याची पद्धत सुचविली. तिचे वरचे टोक १९९५ मध्ये १०,००० होते, ते २०१३ मध्ये त्यांनी ४,००० वर आणले.

Nu = (1 − γ) Nu(2300) + γ Nu(4000)
γ = (Re − 2300)/1700

येथे पहिले मूल्य स्तरीय सूत्राने आणि दुसरे वरील ग्निलिन्स्की सूत्राने काढावयाचे असते.

एक उदाहरण

१५ मि.मी. आतील व्यास आणि २ मीटर लांबी असलेल्या गुळगुळीत नळीतून मिनिटाला सुमारे १.४ लिटर पाणी वाहते. पाणी ३०° से. तापमानाला आत येते आणि नळीची भिंत सर्वत्र ६०° से. राखलेली आहे. पाण्याचे सरासरी तापमान ४०° से. धरल्यास प्रांट्ल अंक ४.३२ आणि रेनॉल्ड्स अंक जवळजवळ ३,००० येतो.

डिटस-बोल्टर सूत्राने नुसेल्ट अंक २५ येतो, तर ग्निलिन्स्की सूत्र थेट वापरल्यास १९. अंतर्वेशनासाठी २,३०० या टोकाला हाउसेन यांचे स्तरीय सूत्र वापरू :

Nu = 3.66 + 0.0668 Gz / (1 + 0.04 Gz^(2/3)), Gz = Re Pr D/L

येथे Gz चे मूल्य ७४.५ आणि नुसेल्ट अंक ६.६ मिळतो. ४,००० या टोकाला तो २६.७ आहे. γ चे मूल्य ०.४१ असल्याने अंतर्वेशनाने उत्तर सुमारे १५ येते.

या तीन उत्तरांचे उष्णता स्थानांतरण गुणांक अनुक्रमे सुमारे १,०५०, ८०० आणि ६३० वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्व्हिन होतात. पहिल्यानुसार पाणी ४९° से. ला बाहेर पडेल, दुसऱ्यानुसार ४६° से. ला आणि तिसऱ्यानुसार ४४° से. ला. १९ अंशांची वाढ अपेक्षून बांधलेला उष्णता विनिमयक १४ अंशांवरच थांबला, तर दोष नळीला किंवा गाळाच्या थराला दिला जातो. तो मूळ हिशेबात असतो.

प्रवाहातील बदलाचा परिणाम

दुसरा मुद्दा संवेदनशीलतेचा आहे. याच नळीतील प्रवाह १० टक्क्यांनी घटवला, तर डिटस-बोल्टर सूत्रानुसार गुणांक ८ टक्क्यांनी घटतो. अंतर्वेशनानुसार नुसेल्ट अंक १४.९ वरून ११.३ वर, म्हणजे सुमारे २४ टक्क्यांनी उतरतो. हाच फरक प्रयोगशाळेत ओळखीची खूण ठरतो. गुणांक आणि प्रवाह लॉग-लॉग कागदावर मांडावेत. रेषेचा चढ ०.८ च्या जवळ असेल तर प्रवाह संक्षोभी समजावा. तो २ च्या वर गेला तर आपण संक्रमण पट्ट्यात आहोत. प्रवाह स्थिर असूनही नळीतील दाबातील घट सतत वरखाली होत असल्यास तीही त्याचीच खूण होय.

अंतर्वेशनाच्या मर्यादा

२,३०० आणि ४,००० ही टोके निसर्गनियम नव्हेत. प्रवेशद्वार घंटेसारखे गोलाकार व पाणी शांत असेल तर संक्रमण पुष्कळ उशिरा होते. घजर व टॅम यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रवेशद्वाराच्या आकारानुसार पट्ट्याची सुरुवात व शेवट दोन्ही सरकताना दिसले. तसेच आडव्या नळीत भिंत आणि पाणी यांच्या तापमानात मोठा फरक असल्यास तापलेले पाणी वर चढून स्वतंत्र अभिसरण निर्माण करते आणि स्तरीय टोकाचे मूल्य वाढते. वरील उदाहरणातही हा परिणाम संभवतो. म्हणून १५ हा अंक सावध अंदाज मानावा.

समारोप

रेनॉल्ड्स अंक १०,००० च्या वर असताना डिटस-बोल्टर सूत्र चालते. ४,००० ते १०,००० या भागात ग्निलिन्स्की सूत्र वापरावे. २,३०० ते ४,००० या भागात अंतर्वेशन करावे आणि स्तरीय टोकाला नळीची लांबी विचारात घ्यावी. विनिमयकाचा आकार ठरवताना शक्य असल्यास नळ्यांची संख्या कमी करून किंवा फेऱ्या वाढवून प्रत्येक नळीतील प्रवाह या पट्ट्याबाहेर न्यावा. ते शक्य नसेल तर लहान मूल्य धरूनच क्षेत्रफळ काढावे. आणि प्रयोगवहीत 'प्रायोगिक त्रुटी' लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून रेनॉल्ड्स अंक एकदा तपासून घ्यावा.