अक्षरांआधी रेघा वाचा

वेळापत्रकाचा फोटो कॅलेंडरमध्ये उतरवताना खरी अडचण अक्षरांची नसते, जोडतासांची असते. फोटोतली अक्षरं ओळखणारी ॲप्स ‘विज्ञान प्रात्यक्षिक’ हे शब्द बरोबर वाचतात. पण तो तास किती वेळ चालतो, हे शब्दांत कुठेच नसतं. ते असतं चौकटीच्या रेघांत.

समजा, दुपारची शाळा आहे. पहिल्या तीन तासिका ११.१५ ते १.००. दहा मिनिटांच्या छोट्या सुट्टीनंतर चौथी १.१० ते १.४५ आणि पाचवी १.४५ ते २.२०. मग मोठी सुट्टी, आणि २.५० पासून ४.३५ पर्यंत उरलेल्या तीन. मंगळवारच्या ओळीत सहाच शब्द आहेत: मराठी, गणित, इंग्रजी, विज्ञान प्रात्यक्षिक, इतिहास, चित्रकला. तासिका मात्र आठ. ते शब्द एकेका घरात ओळीने भरत गेलं, तर इतिहास १.४५ ला येतो आणि शाळा ३.२५ लाच सुटते!

शब्दाच्या जागेवरही भरवसा ठेवता येत नाही. दोन घरांच्या चौकटीत शब्द मधोमध छापला की तो नेमका चौथ्या-पाचव्या तासिकेच्या सीमेवर येतो. तीन घरांची चौकट असेल तर फसगत जास्त, कारण शब्द मधल्या घरात ऐटीत बसलेला दिसतो आणि शंकाही येत नाही.

म्हणून आधी वरच्या ओळीतल्या वेळांच्या उभ्या रेघा पक्क्या कराव्यात. फोटो तिरका असेल तर त्याआधी सरळ करून घ्यावा. मग प्रत्येक चौकटीची डावी कड कोणत्या रेघेवर आहे ते पाहावं, ती सुरुवात. उजवी कड जिथे टेकते, तो शेवट. प्रात्यक्षिकाची डावी कड १.१० वर, उजवी २.२० वर. चित्रकला ३.२५ ते ४.३५. इतिहास आपोआप २.५० ला जातो.

सुट्टीचा रकाना काही शाळा छापतच नाहीत. तिथे पाचवी-सहावी जोडलेली दिसली, तर १.४५ ते ३.२५ अशी एकच नोंद करू नये. मधली सुट्टी वगळून दोन नोंदी कराव्यात. उभी जोडलेली चौकट, म्हणजे सोमवार-मंगळवारी एकाच वेळी असलेला खेळ, हाही लांबलचक तास नव्हे. त्या दोन दिवसांच्या दोन नोंदी होतात. शनिवारची शाळा सकाळची असेल तर तिच्या रेघांना वेगळ्या वेळा द्याव्यात.

कॅलेंडरच्या फाइलमध्ये दर मंगळवारचं प्रात्यक्षिक असं लिहिलं जातं:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260616T131000
DTEND;TZID=Asia/Kolkata:20260616T142000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=TU
```

इथे १.१० चे १३.१० झालेत. वेळापत्रकावर ‘दुपारी’ लिहिलेलं नसतं, त्यामुळे तसंच उतरवलं तर प्रात्यक्षिक मध्यरात्रीनंतर पडतं.

यादी झाली की प्रत्येक दिवसाच्या नोंदी वेळेनुसार लावून बघाव्यात. एकीचा शेवट आणि पुढचीची सुरुवात यांत सुट्टीखेरीज फट दिसली, दोन नोंदी एकमेकींवर चढल्या किंवा शेवटची ४.३५ ला संपली नाही, तर त्या दिवशी एखादी चौकट चुकीची वाचली गेली आहे. मात्र एकाच चौकटीत दोन तुकड्यांची नावं असतील, तर तिथे वेळा एकमेकींवर येणारच. आपल्या मुलाची तुकडी तेवढी ठेवावी.

विषयांची अदलाबदल मात्र या तपासणीत सापडत नाही, कारण वेळा जुळलेल्याच राहतात. त्यासाठी फोटो शेजारी ठेवून प्रत्येक ओळ एकदा डोळ्यांनीच वाचावी लागते.