खांदा तसाच, मुंढा तसाच : प्रिन्सेस कट ब्लाऊजमधील छातीची दुरुस्ती

लग्नकार्यासाठी घेतलेल्या भारी साडीबरोबर ब्लाऊजपीस एकच येते. ते कापताना चूक झाली तर तसे दुसरे कापड बाजारात मिळत नाही. म्हणूनच ज्या भगिनींची छाती खांद्यांच्या मानाने भरलेली आहे, त्यांच्या ब्लाऊजचा प्रश्न कात्री हाती घेण्यापूर्वी कागदावरच सोडवणे हिताचे असते.

अशा भगिनींचा अनुभव बहुधा सारखाच असतो. ब्लाऊज छातीवर बसेल अशा मापाचा घेतला की खांदे उतरतात, गळा पुढे सुटतो आणि बाही दंडावर घसरते. खांद्याच्या मापाचा घेतला की हुक ताणले जातात, समोरची कड वर चढते आणि छातीपासून मुंढ्याकडे तिरप्या चुण्या पडतात. यात दोष अंगकाठीचा नसून माप निवडण्याच्या पद्धतीचा आहे. पूर्ण छातीच्या मापावरून फर्मा निवडला की छातीबरोबर खांदा, गळा, पाठ आणि मुंढा हे सारेच मोठे होतात. प्रत्यक्षात वाढ हवी असते ती केवळ समोर, उरोजांच्या भागी.

यासाठी दोन मापे घ्यावीत. पहिले काखेतून, उरोजांच्या वरून घेतलेले ‘वरच्या छातीचे’ माप. दुसरे सर्वांत भरलेल्या जागेवरून घेतलेले ‘पूर्ण छातीचे’ माप. ब्लाऊजखाली जे अंतर्वस्त्र घालायचे, तेच घालून ही मापे घ्यावीत, कारण कप बदलला की दुसरे माप आणि उरोजबिंदूची उंची दोन्ही बदलतात. फर्मा वरच्या छातीवरून निवडावा, म्हणजे खांदा व मुंढा आपोआप योग्य येतात. पूर्ण छातीत जे कमी पडेल, तेवढेच पुढे वाढवायचे.

एक उदाहरण घेऊ. वरची छाती 36 इंच, पूर्ण छाती 40 इंच. अनेक फर्म्यांत या दोन मापांमध्ये सुमारे 2 इंचांचा फरक धरलेला असतो. म्हणजे 36 वरच्या छातीचा फर्मा 38 पूर्ण छातीसाठी आखलेला आहे. उणीव 2 इंचांची. पुढचा भाग डावा-उजवा असा दोन असल्याने प्रत्येक बाजूस 1 इंच वाढवावा लागेल.

मुंढ्यातून निघणाऱ्या प्रिन्सेस कटाची रचना येथे आपल्याला फार उपयोगी पडते. पुढचा भाग दोन तुकड्यांचा असतो. खांदा, गळा आणि मुंढ्याचा वरचा भाग हे सारे मधल्या तुकड्यावर असतात. बाजूच्या तुकड्यावर मुंढ्याचा केवळ खालचा भाग आणि काखेची शिवण येते. म्हणून रुंदीची वाढ बाजूच्या तुकड्यात केली, तर खांद्याला धक्का लागण्याचे कारणच उरत नाही.

प्रथम फर्म्यावरील उरोजबिंदू आपल्या अंगावरील उंचीशी जुळतो का, हे खांद्यापासून मोजून पाहावे. आपला बिंदू खाली असेल तर आधी फर्म्यावरील फुगवटा तितका खाली सरकवावा. मग दोन्ही तुकड्यांवर माया वगळून शिलाईची रेघ आखून घ्यावी, कारण पुढची सर्व मोजणी त्या रेघेवरच करायची आहे.

आता बाजूचा तुकडा घ्यावा. प्रिन्सेस शिवण मुंढ्याला जेथे मिळते, तेथून काखेच्या दिशेने सुमारे 1 इंच अंतरावर मुंढ्याच्या शिलाईरेघेवर खूण करावी. तेथून खालच्या कडेपर्यंत एक उभी रेघ ओढावी. छातीच्या पातळीवर ती प्रिन्सेस कडेपासून दीड इंच आत असावी. छातीच्या पातळीवर प्रिन्सेस कडेपासून या उभ्या रेघेपर्यंत एक आडवी रेघ ओढावी. आडवी रेघ पूर्ण कापावी. उभी रेघ कापताना वर मुंढ्याच्या आणि खाली कडेच्या शिलाईरेघेवर कागदाचा बारीक धागा जोडलेला ठेवावा. या दोन बिजागऱ्या होत. त्यांच्या पलीकडच्या मायेत बाहेरून छोटी चीर द्यावी, म्हणजे कागद मोकळा फिरतो.

आता प्रिन्सेस कडेचे दोन्ही पट बाहेर फिरवावेत. छातीच्या पातळीवर उभ्या कापाची फट नेमकी 1 इंच झाली की खाली कागद ठेवून चिकटवावे. काखेकडचा भाग मुळीच हललेला नसतो. मुंढ्याच्या रेघेची लांबी तीच राहते, कंबरही वाढत नाही. त्याच वेळी वरचा पट किंचित वर आणि खालचा किंचित खाली जातो, त्यामुळे प्रिन्सेस कडेवर आडवी फट आपोआप उघडते. आपल्या उदाहरणात ती सुमारे पाऊण इंच येईल. ही लांबी आवश्यकच आहे. उंच भागावरून जाताना कापडाला जास्त वाट चालावी लागते, आणि ती न मिळाल्यानेच समोरची कड वर चढते.

आडव्या फटीजवळ आलेली टोके तशीच ठेवू नयेत. तेथे गोलसर, सलग वळण आखावे. मुंढ्यावर बिजागरीपाशी आलेला हलका कोनही तसाच मिटवावा. त्यानंतर मधला तुकडा छातीच्या पातळीवर आडवा पूर्ण कापून, मधली उभी कड सरळ ठेवून, मोजलेल्या फटीइतकाच, म्हणजे पाऊण इंच, खाली सरकवावा. हा काप मुंढ्याच्या खाली असल्याने खांदा, गळा व मुंढा जागच्या जागी राहतात. हुकांची अंतरे नव्याने आखावीत, एक हुक छातीच्या पातळीवर यावा. खालची कड काखेपासून मध्यापर्यंत सलग उतरती करावी. अस्तराच्या फर्म्यातही हेच बदल करावेत.

शेवटी दोन्ही प्रिन्सेस कडा शिलाईरेघेवर फीत उभी धरून मोजाव्यात. बाजूचा तुकडा पाव इंचापर्यंत लांब असला तर उरोजबिंदूच्या वर-खाली दोन इंचांत तो सामावून घेता येतो. त्याहून अधिक असला तर मधला तुकडा पुरेसा वाढवलेला नाही, असे समजावे. शिवताना मधल्या तुकड्याच्या मायेत छोट्या चिरा द्याव्यात, म्हणजे तो बाजूच्या वळणाला धरून बसतो.

मांजरपाटावर एकदा कच्ची शिलाई करून पाहावीच. चुण्या अजूनही उरोजबिंदूकडे खेचलेल्या दिसल्या तर वाढ अपुरी आहे. बिंदूवर कापड टोकदार उभे राहिले तर वळण टोकदार राहिले आहे. मुंढा पुढे किंचित सुटला तर तो कोरू नये. मुंढ्यालगतच्या प्रिन्सेस शिवणीत पाव इंच चिमटीत धरून पाहावा, तेवढ्याने तो अंगाला लागतो.

या रीतीला मर्यादाही आहे. एका बाजूस सव्वा इंचाहून अधिक वाढ लागत असेल, तर वरचा पट फार कलतो आणि मुंढ्याचा आकार बिघडू लागतो. अशा वेळी बाजूच्या तुकड्यात 1 इंचच वाढवावा आणि उरलेला पाव ते अर्धा इंच मधल्या तुकड्याच्या कडेला, छातीच्या पातळीवर बाहेर वळण देऊन द्यावा. ते वळण मुंढ्यापाशी पोहोचण्यापूर्वी मूळ रेघेला मिळाले पाहिजे.