मामांचे डोळे पुढच्या फ्रेममध्ये उघडे होते

आत्याच्या पंचाहत्तरीला घरासमोरच्या पायऱ्यांवर आम्ही एकोणीस जण फोटोला उभे राहिलो. संध्याकाळचे पाच वाजले होते. भाच्याने कॅमेरा हातात धरूनच सात फ्रेम काढल्या. चौथ्या फ्रेममध्ये आत्या अशी हसली आहे की तसं हसणं तिच्या गेल्या दहा वर्षांच्या कुठल्याच फोटोत नाही. पण त्याच फ्रेममध्ये मागच्या रांगेत मामांचे डोळे मिटलेले आहेत, आणि आत्याच्या पुढ्यात बसलेल्या तीन वर्षांच्या नातवाने मान फिरवून मांजराकडे पाहिलंय. सातांपैकी दुसऱ्या फ्रेममध्ये सगळ्यांचे डोळे उघडे आहेत खरे, पण तिथे आत्या काहीतरी बोलत होती आणि तिचं तोंड अर्ध्या शब्दावर थांबलंय. त्या दिवशीचा फोटो चौथाच, हे ठरलेलं होतं. मग मामांचा आणि नातवाचा चेहरा शेजारच्या फ्रेममधून आणायचा, एवढाच मार्ग उरला.

असं का होतं, याचं गणित ऑस्ट्रेलियातल्या ‘सीएसआयआरओ’ या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी मांडलं होतं. 2006 साली त्यांना त्यासाठी इग नोबेल पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. फोटोला उभा राहिलेला माणूस मिनिटाला साधारण दहा वेळा पापणी लववतो आणि प्रत्येक वेळी डोळा सुमारे पाव सेकंद मिटलेला असतो, असं धरू. म्हणजे साठ सेकंदांतले अडीच सेकंद डोळे बंद. एकट्या माणसाचा फोटो काढला तर शंभरातले शहाण्णव चांगले येतील. पण माणसं एकोणीस झाली की प्रत्येकाची ती चार टक्के चूक एकमेकींवर चढत जाते, आणि शंभरातल्या जेमतेम पंचेचाळीस फोटोंत सगळ्यांचे डोळे उघडे सापडतात. या दोघांनी सांगितलेला ठोकताळा सोपा आहे. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा आणि कमी उजेडात दोनने. येईल तेवढे फोटो काढा.

या हिशेबाने आमचे सात फोटो बरोबर होते. फक्त ते एका दमात काढून चालत नाहीत. कॅमेरा सेकंदाला दहा फ्रेम काढत असेल तर पाव सेकंदाची एक लवलेली पापणी लागोपाठ दोन-तीन फ्रेममध्ये तशीच सापडते. दहा फ्रेम हाती लागतात, पण क्षण एकच असतो. बटण दोन-तीनदा दाबायचं आणि मध्ये सेकंदभर थांबायचं, हे जास्त उपयोगी. फ्लॅश असेल तर आणखी एक अडचण येते. आपोआप प्रकाश मोजणारा फ्लॅश खऱ्या लखलखाटाआधी एक बारीक चमक टाकतो. ज्यांची पापणी चपळ आहे त्यांचे डोळे त्या चमकेनेच मिटतात, तेही दर वेळी. अशा माणसाचा उघडा डोळा पुढच्या फ्रेममध्येही मिळत नाही. त्यासाठी फ्लॅशची ताकद हाताने ठरवून ठेवावी, म्हणजे ती आधीची चमक पडत नाही.

हे काम करून देणाऱ्या सोयी आता फोनमध्येही आल्या आहेत. गूगलने 2023 साली पिक्सेल 8 फोनबरोबर ‘बेस्ट टेक’ नावाने ती दिली. त्याआधी 2004 साली आसीम अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एकाच समूहाच्या अनेक फोटोंतून हवा तो चेहरा निवडून त्यांचा एक फोटो कसा शिवायचा, याची रीत संशोधन-निबंधात मांडली होती. पण आमचे फोटो कॅमेऱ्यातले होते. शिवाय फोनच्या सोयीला न जमणाऱ्या जागा हाताने करताना नीट समजतात. म्हणून मी GIMP हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं.

सगळ्यात आधी मूळ फाइली मागवल्या. भाच्याने पहिल्यांदा त्या व्हॉट्सॲपवर नेहमीच्या फोटोंसारख्या पाठवल्या होत्या. त्या लहान आणि दाबलेल्या होऊन येतात. अशा फोटोतला चेहरा मोठ्या फोटोत बसवला तर तो एकटाच धूसर दिसतो, आणि मागून कितीही धार आणली तरी ते झाकत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावर मूळ फाइली तशाच्या तशा आल्या.

मग मामांचा चेहरा कुठून घ्यायचा ते पाहिलं. तिसऱ्या फ्रेममध्ये डोळे अर्धे उघडे होते, पाचव्यात पूर्ण उघडे पण मान जराशी डावीकडे, आणि सहाव्यात एकदम समोर. मन सहाव्याकडे ओढत होतं. पण सहाव्यापर्यंत मामांनी पाय बदलला होता, खांदा खाली गेला होता, आणि ढगाआडून ऊनही बाहेर आलं होतं. शक्यतो लगतची फ्रेम घ्यावी, कारण तिच्यात चेहऱ्याखेरीज बाकी सगळं जवळजवळ जागच्या जागी असतं. मी पाचवी घेतली.

File > Open as Layers मधून चौथी आणि पाचवी फ्रेम एकावर एक ठेवल्या, पाचवी वर. वरच्या लेअरचा Mode बदलून Difference केला. आता दोन्ही फ्रेम जिथे तंतोतंत जुळतात तिथे काळं दिसतं, आणि जिथे सरकल्या आहेत तिथे उजळ कडा उमटतात. पहिल्यांदा करणारे इथे चुकतात. सबंध फोटो काळा करायच्या मागे लागून ते तास घालवतात. हातात धरलेला कॅमेरा बोटभर जरी हलला, तरी पुढची माणसं आणि मागची भिंत वेगवेगळ्या अंतराने सरकतात. भिंत जुळवली की माणसं सुटतात. सबंध फोटो जुळवायची गरजच नसते. मला फक्त मामांची कॉलर आणि खांदे जुळायला हवे होते. Move ने लेअर थोडा सरकवला, Rotate ने अर्ध्या अंशाहून कमी फिरवला, आणि कॉलरची कडा काळी झाल्यावर थांबलो. Mode पुन्हा Normal केला.

यानंतर वरच्या लेअरला काळा मास्क लावला. Layer > Mask > Add Layer Mask मध्ये Black (full transparency) निवडलं की वरची फ्रेम पूर्ण झाकली जाते. मास्कवर पांढऱ्या ब्रशने रंगवू तिथे ती उघडत जाते, काळ्याने रंगवलं की परत झाकली जाते. काहीच पुसलं जात नाही, त्यामुळे हवं तेवढं मागे येता येतं.

आधी मी फक्त डोळे उघडले. डोळे स्वच्छ, जागेवर, आणि तरी मामा परके वाटू लागले. कारण उघडं आहे. माणूस हसतो तेव्हा गाल वर चढतात आणि खालची पापणी दाबतात. चौथ्या फ्रेममधले गाल आणि पाचव्यातल्या पापण्या वेगवेगळ्या हसण्यातल्या होत्या. शिवाय मामांच्या चष्म्याच्या काचेवर पडलेलं आभाळ दोन्ही फ्रेममध्ये वेगळं होतं, त्यामुळे ते काचेच्या मध्येच तुटलं. म्हणून चेहरा पूर्ण घेतला, चष्मा आणि दोन्ही कानांसकट.

शिवण कुठे घालायची, यावर सगळं काम ठरतं. गालाच्या मधून कधीही घालू नये. उघड्या कातडीवर उजेड इतका हळूहळू बदलतो की मधे पडलेली रेघ डोळ्याला लगेच खुपते. जिथे आधीच कडा आहे तिथे शिवण लपते: शर्टाची कॉलर, हनुवटीखालची सावली, शेजारच्या माणसाचा खांदा. मामांच्या उजव्या खांद्यावरून वहिनींचा पदर पुढे आला होता, तिथे ब्रश कडक ठेवून पदराच्या काठाबरोबर गेलो. केसांभोवती मऊ ब्रश घेऊन थोडी मागची भिंतही सोबत घेतली, कारण एकेक केस कापत बसलं तर डोक्याभोवती कात्रीने कापल्यासारखी कडा येते.

नातू अवघड होता. मामांचं डोकं चेहऱ्यापुरतंच वळलं होतं. नातवाचं डोकं मात्र जागेवरून सरकलं होतं, आणि त्याच्या मागे आत्याची पैठणी होती. त्याचा सरळ चेहरा फक्त सहाव्या फ्रेममध्ये होता. तो जागेवर बसवल्यावर जुन्या डोक्याचा अर्धा कान बाजूला उरला. तो झाकायला त्याच्यामागची साडी लागणार, आणि चौथ्या फ्रेममध्ये ती डोक्याआड होती. सहाव्यात ती दिसत होती. म्हणजे डोकं जिथे होतं आणि जिथे आहे, त्या दोन्ही जागा मिळून मास्क मोठा करायला हवा. तसा केला, आणि साडीचा काठ दोन फ्रेमच्या सांध्यावर तांदळाच्या दाण्याएवढा तुटला. रेशमी काठ हा फोटोतला सगळ्यात निष्ठुर साक्षीदार आहे, त्याची सरळ रेघ जराही चुकली की कळतं. शेवटी सांधा काठावरून हलवून निरीच्या खोल घडीत नेला. तिथे अंधार होता, काम झालं.

सहाव्या फ्रेममध्ये ऊन आल्यामुळे नातवाचा चेहरा उजळ आणि पिवळसर होता. Curves मध्ये उजेड थोडा उतरवला, पिवळेपणा कमी केला, आणि तुलना त्याच्याच हाताशी केली, जो चौथ्या फ्रेममधलाच होता. चेहरा आणि हात एकाच मुलाचे वाटले की रंग बसला. हे घराबाहेर जमतं. हॉलमधल्या साध्या ट्यूबलाइटखाली मात्र वेगळा त्रास होतो. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे, त्यामुळे असा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. शटर 1/500 सारखं वेगवान ठेवलं तर बर्स्टमधल्या प्रत्येक फ्रेमचा उजेड आणि रंग निराळा येतो. तिथे 1/100 ठेवावं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला त्या चढउताराचं एक पूर्ण आवर्तन मिळतं.

शेवटी फोटो पूर्ण आकारात, म्हणजे 100 टक्क्यांवर, सावकाश सरकवत पाहिला. दोनदा आलेला कान, तुटलेली चष्म्याची काडी, एकाच चेहऱ्यावर दोन बाजूंनी पडलेला उजेड, डोक्यामागे भिंतीवर पडलेली जुनी सावली, या जागा शोधायच्या. मामांच्या मागच्या भिंतीवर अशी एक सावली खरंच राहिली होती. डोकं पाचव्या फ्रेमचं आणि सावली चौथ्याची. मास्क तिथपर्यंत वाढवला. मग फोटो आडवा उलटवून पुन्हा पाहिला, कारण सवय झालेल्या डोळ्याला उलट्या फोटोत चूक पटकन दिसते.

वर्तमानपत्रासाठी मी हे कधीच केलं नसतं. असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्था बातमीच्या फोटोत काही घालायला किंवा काढायला साफ मनाई करतात, आणि ते योग्यच आहे. घरच्या फोटोत मला त्याचं वावगं वाटत नाही, कारण ते हसणं, ते उघडे डोळे, सगळं त्याच पायऱ्यांवर त्याच काही सेकंदांत घडलेलं आहे. पण ते लपवावं असंही वाटत नाही. आत्याकडे दिलेल्या प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहिलं आहे: मामा पाचव्या फ्रेममधले, बाळ सहाव्यातला, बाकी सगळे चौथ्यातले. सातही मूळ फाइली आणि लेअरसकटची .xcf फाइल भाच्याच्या पेनड्राइव्हवर एकाच फोल्डरमध्ये आहेत. फोटो हातात घेतल्यावर मामांनी आधी चष्मा पुसला, मग बराच वेळ आत्याच्याच चेहऱ्याकडे पाहत राहिले.