टीव्हीमागचा बोर्ड: भिंतीला टांगा, वायरीला नव्हे!

आपल्या परतूरसारख्या गावात आता घरोघरी भिंतीवर टीव्ही आहे, शेजारी डिशचा सेट-टॉप बॉक्स आहे आणि बहुतेक घरांत इंटरनेटचा राउटरही आला आहे. भिंतीत प्लगाची जागा मात्र जुनी, एकच. मग बाजारातून एक्स्टेंशन बोर्ड येतो आणि टीव्हीच्या मागे, धुळीत, फरशीवर लोळत पडतो. काही घरांत तो दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने भिंतीला लावलेला दिसतो. थंडीत टेप छान धरतो, पण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की टेपचा डिंक मऊ होतो, बोर्ड निखळतो आणि स्वतःच्याच वायरीवर लोंबकळत राहतो. पुढचा बिघाड नेमका इथूनच सुरू होतो.

लोंबकळणाऱ्या बोर्डाचं वजन प्लगावर येतं. प्लगाच्या पिना सॉकेटमध्ये तिरक्या होतात आणि आतल्या पितळी पट्ट्यांची पकड सैल पडते. सैल जागी वीज नीट वाहत नाही, ठिणगी उडते आणि ती जागा तापते. दुसरीकडे, वायर जिथे प्लगात शिरते तिथे तिला सतत ओढ बसते. आतली तांब्याची तार बारीक बारीक केसांची असते, त्यातले केस एकेक करून तुटतात. उरलेल्या थोड्या केसांवर सगळा भार आला की तेही तापतात. बाहेरून वायर धडधाकट दिसते, म्हणून हे लवकर कळत नाही. कळण्याच्या खुणा तीनच: टीव्ही अधूनमधून उगाच बंद-चालू होणं, प्लगाभोवती तपकिरी डाग आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास. यांतली एक जरी दिसली तरी मेन स्विच बंद करून प्लग काढावा आणि तो बोर्ड पुन्हा वापरू नये.

आता बोर्ड बसवायचा कसा ते पाहू. समजा टीव्ही भिंतीवर आहे, खाली बुटकं कपाट आहे आणि प्लगाची जागा डाव्या हाताला आहे. टीव्ही आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम तीन-चार बोटं जागा असते, तिथे अडॅप्टर लावलेला बोर्ड मावत नाही. शिवाय टीव्हीची ऊबही तिथेच असते. म्हणून बोर्ड टीव्हीच्या खाली, कपाटाआड, फरशीपासून दीड फूट उंचीवर आडवा बसवावा. एवढ्या उंचीवर फरशी पुसतानाचं पाणी पोचत नाही आणि केरसुणीही लागत नाही.

बोर्डाच्या पाठीवर बहुधा किल्लीच्या भोकासारखी दोन भोकं असतात. त्यांवर एक कागद ठेवून पेन्सिलीने खूण करा आणि तोच कागद भिंतीवर सरळ धरून जागा ठरवा. अंदाजाने भोकं पाडली तर एक जुळतं, दुसरं हुकतं! स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा रेषेत आडवं भोक मात्र पाडू नका, कारण भिंतीतल्या वायरी बहुतेक तिथूनच नेलेल्या असतात. भोकात प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू पिळा आणि त्याचं डोकं थोडं बाहेर ठेवा. बोर्ड त्यावर अडकवून खाली सरकवला की घट्ट बसला पाहिजे. खडखडला तर स्क्रू अर्धा फेरा आत घ्या. पाठीला भोकं नसतील तर बोर्डालाच भोकं पाडण्याचा खटाटोप करू नये. तसा बोर्ड पट्टीच्या क्लॅम्पने धरावा.

वायर ताणून लावू नये. बोर्डापासून प्लगापर्यंत तिला खाली एक सैल झोळ राहू द्या, म्हणजे कपाट सरकवलं तरी ओढ प्लगापर्यंत जात नाही. उरलेली वायर वेटोळं करून करकचून बांधू नका. मोठा, मोकळा वळसा ठेवा आणि कापडी पट्टीने हलकेच धरा. वेलांटीसारखी दुमडलेली वायर दुमडीतच तुटते. प्लग काढताना तो प्लगानेच धरून काढायचा, वायर ओढून नाही. हे घरातल्या मुलांनाही बजावून सांगा.

मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाखालीही हाच बोर्ड लागतो. तिथे तो पायाजवळ नको, टेबलाच्या मागच्या फळीला आतून लावावा. फळी अठरा मिलिमीटरची असेल तर स्क्रूचं टोक फळीत पंधरा मिलिमीटरहून खोल जाऊ नये, नाहीतर ते पलीकडे निघतं. सॉकेटची तोंडं वर नकोत, बाजूला असावीत. वर ठेवली की पेन्सिलीची कात्रणं आणि पाणी थेट आत. खालीही नकोत, कारण जड अडॅप्टर स्वतःच्या वजनानेच निसटतो.

भार किती घालावा? सहा अँपिअरच्या बोर्डावर २३० व्होल्टला साधारण १,३८० वॅट चालतात. टीव्ही, बॉक्स आणि राउटर मिळून शंभर-दीडशे वॅटच्या आसपास, म्हणजे काळजी नाही. पण थंडीत त्याच बोर्डात पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड लावला की मर्यादा ओलांडली. एका बोर्डातून दुसरा बोर्ड काढणंही तितकंच वाईट.

आता सर्ज प्रोटेक्टरबद्दल. दुकानदार त्याला स्पाइक गार्ड म्हणतो. त्यात झिंक ऑक्साइडची गोळीएवढी चकती असते. नेहमीच्या व्होल्टेजला ती गप्प राहते, पण क्षणभर दाब एकदम चढला की तो न्यूट्रलकडे किंवा अर्थिंगकडे वळवते. म्हणून अर्थिंगच नसेल तर तिचं निम्मं काम होतच नाही. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर मधूनमधून बादलीभर पाणी घालण्याची जुनी पद्धत याचसाठी आहे. अर्थिंग नीट आहे का, हे वर्षातून एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

ही चकती झिजते, हेही ध्यानात ठेवा. प्रत्येक मोठ्या धक्क्याने तिची ताकद उतरते. बऱ्याच बोर्डांवर संरक्षण चालू असल्याचा छोटा दिवा असतो. तो विझला तरी सॉकेट चालूच राहतात आणि आपल्याला वाटतं, सारं ठीक आहे! दिवा गेला की बोर्ड बदलायचा.

दोन गोष्टी तिच्याकडून होत नाहीत. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात बराच वेळ तीनशेहून अधिक व्होल्ट येऊ शकतात. अशा वेळी चकती स्वतःच जळते. त्यासाठी जास्त व्होल्टेज आलं की वीज तोडणारं वेगळं उपकरण वायरमनकडून बसवून घ्यावं लागतं. दिवे एकाएकी भगभगले तर आधी मेन स्विच बंद करा.

दुसरी गोष्ट विजेची. मृगाआधीच्या वळवात आणि परतीच्या पावसात आपल्या मराठवाड्यात विजा जोरात पडतात. जवळ पडलेली वीज कोणताही बोर्ड अडवत नाही, आणि ती डिशच्या वायरीवरूनही टीव्हीत शिरते. म्हणून आभाळ भरून आलं की टीव्हीचा प्लग काढावा आणि डिशची वायरही सोडवून ठेवावी. मात्र गडगडाट सुरू होण्याआधी. डोक्यावर कडकडाट चालू असताना वायरीला हात लावू नये.

दिवाळीची झाडलोट करताना टीव्हीमागेही हात फिरवाच. टीव्ही तासभर चालू ठेवा, मग प्लगाच्या प्लॅस्टिकला हाताची पालथी बाजू लावून पाहा. कोमट असेल तर चालेल. हात मागे घ्यावासा वाटला, तर दिवाळीच्या यादीत नव्या बोर्डाचं नाव सर्वांत वर लिहा.