ओली फरशी, लिंबाचा थेंब आणि वाळूचा कण

दुकानात फरशी उभी असते, कोरडी असते आणि तिच्यावर दिव्यांचा झोत असतो. घरात तीच फरशी आडवी होते, ओली होते, तिच्यावर आमटी सांडते आणि दारातून आलेली धूळ दिवसभर पायांखाली घासली जाते. म्हणून ग्रॅनाइट, मार्बल, कोटा आणि व्हिट्रिफाइड टाइल्स यांतून निवड करताना रंगाआधी तीन प्रश्न विचारावेत: ओली झाली की घसरते का, डाग धरते का, आणि किती लवकर झिजते? या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. डाग आणि झीज बरीचशी दगड कशाचा बनला आहे यावर ठरतात. घसरणं मात्र त्याच्या पृष्ठभागाला कसं फिनिश दिलं आहे यावर ठरतं.

डागांपासून सुरुवात करू. मार्बल आणि कोटा हे दोन्ही मुख्यतः कॅल्साइटचे दगड. मकराण्याचा पांढरा मार्बल म्हणजे पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने पुन्हा स्फटिक झालेला चुनखडक. राजस्थानातल्या कोटा-रामगंजमंडी भागातून येणारा हिरवट-निळसर किंवा तपकिरी कोटा म्हणजे बारीक कणांचा, थराथराने सुटणारा चुनखडक. कॅल्साइटला आम्ल सोसत नाही. पॉलिश केलेल्या मार्बलच्या तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून पाच-दहा मिनिटांनी पुसा. तिथली चकाकी गेलेली दिसेल. चिंचेचं पाणी, आमसुलाचं सार, ताक, व्हिनेगर यांनीही हेच होतं. हा डाग नव्हे. तिथला दगडच किंचित खाल्ला गेला आहे. त्यामुळे साबणाने कितीही घासलं तरी तो जात नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. हळदीचं तसं नसतं. तिचा रंग दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतो, म्हणून तो रंग बाहेर ओढणारा लेप लावून फिका करता येतो.

ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजं असतात. लिंबू-चिंचेने त्यांना काही होत नाही. पण फिकट रंगाच्या ग्रॅनाइटमध्ये तेल मुरतं आणि गॅसजवळ काळपट पट्टा उमटतो. त्यासाठी सिलर लावावा लागतो. व्हिट्रिफाइड टाइल सुमारे 1200 अंश सेल्सिअसला भाजलेली असते आणि तिचं पाणी शोषणं अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं. डागांच्या बाबतीत हीच सर्वांत निर्धास्त. अपवाद दोन. टाइल घासून चकाकी आणताना आतली बारीक छिद्रं उघडी पडतात आणि त्यांत मळ बसू शकतो. नमुन्यावर पेनाची शाई लावून पुसून पाहिली की हे लगेच कळतं. दुसरा अपवाद सांध्यांचा. टाइलवर डाग पडत नाही, पण मधलं सिमेंटचं ग्राउट काळं पडतं. बाथरूम धुण्याचं अ‍ॅसिड टाइल सहन करते, ग्राउट मात्र त्याने पोखरलं जातं.

झीज घडवते ती वाळू. बाहेरून चपलांबरोबर येणाऱ्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. काठिण्याच्या मोज पट्टीवर क्वार्ट्झ 7, फेल्डस्पार 6 आणि कॅल्साइट केवळ 3. म्हणून मार्बलवर आणि कोट्यावर धूळ ओरखडे काढते, तर ग्रॅनाइटला ती फारसं काही करू शकत नाही. दहा-बारा वर्षांच्या मार्बलच्या हॉलमध्ये दारापासून सोफ्यापर्यंतची चालण्याची वाट मंद झालेली आणि भिंतीलगतची पट्टी अजून चमकणारी दिसते, ती यामुळे. टाइल्समध्ये मात्र प्रकार विचारायलाच हवा. ग्लेझ्ड व्हिट्रिफाइडवर छापील नक्षी आणि वर काचेसारखा पातळ थर असतो. तो झिजला की नक्षीही जाते. डबल चार्जमध्ये रंगाचा थर सुमारे 3 ते 4 मिलिमीटर जाड असतो, आणि फुल बॉडीत रंग आरपार असतो. वर्दळीच्या जागी हे दोन प्रकार टिकतात.

आता घसरणं. टाच ओल्या फरशीवर पडते तेव्हा मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा अडकतो. पृष्ठभाग खरखरीत असेल तर त्याची बारीक टोकं हा पापुद्रा भेदून टाचेला पकड देतात. आरशासारख्या पॉलिशवर अशी टोकंच उरलेली नसतात. म्हणून मिरर पॉलिशचा कोटा, पॉलिश केलेला ग्रॅनाइट आणि चकचकीत टाइल ओल्या झाल्या की तिन्ही धोक्याच्या. साबणाचं पाणी असेल तर आणखीच. याउलट बिनपॉलिशचा नैसर्गिक कोटा, फ्लेम फिनिशचा ग्रॅनाइट किंवा मॅट टाइल पाय धरून ठेवते.

टाइल्सच्या खोक्यावर आर-9, आर-10, आर-11 असे दर्जे असतात. यातला आर-9 हा सर्वांत खालचा, हे बऱ्याच ग्राहकांना ठाऊक नसतं. ही जर्मन चाचणी तेल टाकलेल्या उतारावर बूट घालून चालत केली जाते. न्हाणीघरात आपण अनवाणी आणि साबणाच्या पाण्यात असतो. त्यासाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी आहे, आणि मोरीच्या जागेसाठी बी मागावी. श्रेणी लिहिलेली नसेल तर नमुना जमिनीवर ठेवून त्यावर साबणाचं पाणी ओता आणि कोणाचा तरी हात धरून अनवाणी टाच सरकवून पाहा.

समजा, दोन बेडरूमचं घर आहे आणि त्यात पंचाहत्तरीच्या आजी राहतात. न्हाणीघरात मॅट टाइल, तीही लहान आकाराची: 30 सेंटिमीटरच्या तुकड्यांत जाळीकडे ढाळ नीट देता येतो, पाणी साचत नाही आणि जास्त सांध्यांमुळे पकडही वाढते. बाल्कनीत बिनपॉलिशचा कोटा. पावसाचं पाणी आलं तरी पाय सरकत नाही. स्वयंपाकघराच्या जमिनीला मॅट व्हिट्रिफाइड आणि सांध्यांत इपॉक्सी ग्राउट, कारण तिथे तेल, हळद आणि पाणी तिन्ही सांडतात. हॉलमध्ये डबल चार्ज टाइल किंवा ग्रॅनाइट. मार्बल हवाच असेल तर तो बेडरूममध्ये किंवा देवघरात, जिथे आंबट आणि ओलं दोन्ही कमी. मॅट फरशीची एक अट आहे: साबणाचा थर खरखरीत खाचांत साचला की तीही घसरडी होते. तिला पोछ्याबरोबरच आठवड्यातून एकदा ब्रश लागतो.

शेवटी दुरुस्तीचा हिशेब. मार्बल आणि कोटा लवकर मंदावतात, पण मशीन लावून पुन्हा पॉलिश करता येतात, आणि हे अनेकदा करता येतं. ग्रॅनाइटवर ते काम जास्त मेहनतीचं आणि महाग. ग्लेझ्ड टाइलला दुसरी संधी नसते. ओरखडा पडला की ती बदलायचीच, आणि काही वर्षांनी तोच शेड बाजारात मिळत नाही. म्हणून टाइल्स बसवताना प्रत्येक प्रकारची एक-दोन खोकी जास्त घेऊन माळ्यावर ठेवावीत, आणि बिलावर शेडचा बॅच नंबर लिहून घ्यावा.